‘यापूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे काय?’

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलीकडे किंवा मुलाकडे महिना-दीड महिना जाऊन येण्यासाठी जो व्हिसा घ्यावा लागतो, त्याला ‘स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा’ असे नाव आहे. त्याचा अर्ज संगणकावर भरावयाचा असतो. उत्पन्न, व्यवसाय, कुटुंब, मुक्कामाचा पत्ता या विषयीचे रकाने व्यापारी कुटुंबातील मंडळी बिनचूक भरतात, कारण हिशेब त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. हात अडखळतो तो पुढच्या दोन प्रश्नांपाशी. त्यांपैकी एक प्रश्न मागील दहा वर्षांतील परदेश प्रवासाचा, तर दुसरा पूर्वी मिळालेल्या नकाराचा. या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा अर्जदार स्वतः देतच नाही. ती एजंटच्या कचेरीत बसलेला एखादा तरुण ‘नाही, नाही, नाही’ असे ठोकून पुढे जातो आणि शेवटी जाहीरनाम्याखाली मात्र नाव अर्जदाराचे पडते.

नकाराचा प्रश्न शब्दशः वाचण्यासारखा आहे. तो केवळ ब्रिटनपुरता नाही. ब्रिटन किंवा अन्य कोणताही देश, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याखाली प्रकार दिलेले आहेत: व्हिसा नाकारला जाणे, सीमेवर प्रवेश नाकारला जाणे, राहण्याची परवानगी नाकारली जाणे, हद्दपारी, देश सोडण्याचा आदेश, प्रवेशबंदी इत्यादी. शिवाय ‘कधीही’ हा शब्द त्यात आहे. प्रवासाच्या प्रश्नाला दहा वर्षांची मर्यादा आहे, नकाराच्या प्रश्नाला कोणतीच मुदत नाही. बारा वर्षांपूर्वीचा नकारही ‘होय’ या सदरातच मोडतो. हे दोन हिशेब वेगळे आहेत, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे होणाऱ्या चुका पुष्कळ आहेत.

एक उदाहरण घेऊन हे पाहणे सोयीचे होईल. सांगलीचे एक हळद-व्यापारी आहेत असे समजू या. वय एकसष्ट. कन्या विवाहानंतर लेस्टर येथे राहते आणि तिच्याकडे पहिले बाळ येणार आहे. आई-वडील दोघेही सहा आठवड्यांसाठी जाऊ इच्छितात. अर्ज २०२५ च्या अखेरीस भरला जात आहे. या गृहस्थांनी २०१३ मध्ये पत्नीसह अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईत मुलाखत दिली होती. दोन-तीन मिनिटांत ती आटोपली आणि दोघांनाही कलम २१४ (ब) चा छापील कागद हाती मिळाला. २०१८ मध्ये दुबईसाठी एजंटमार्फत केलेला अर्ज एकदा फेटाळला गेला, आठवड्याने पुन्हा केला, तो मंजूर झाला आणि प्रवासही झाला. याखेरीज २०१७ व २०१९ मध्ये हाँगकाँग, २०१९ मध्ये बँकॉक, २०२२ मध्ये रस्त्याने सोनौलीमार्गे नेपाळ, आणि फार पूर्वी म्हणजे २०११ मध्ये सिंगापूर.

एजंटचे म्हणणे असे: “शेठ, अमेरिकेचं इंग्लंडला काय कळणार? उगाच ‘होय’ लिहाल आणि हातचा व्हिसा घालवाल.” कन्येचे फोनवरचे म्हणणे वेगळे: “अप्पा, इथे ‘नाही’ लिहून अडकलेली माणसं आहेत. नाकारला तर पुन्हा अर्ज करता येईल, पण खोटं नको.”

या दोन मतांपैकी कोणते बरोबर, याचे उत्तर सचोटीच्या उपदेशात शोधण्याचे कारण नाही. ते ब्रिटिश नियमांत आणि साध्या जमाखर्चात सापडते.

पूर्वीचा नकार हे ब्रिटिश नियमांनुसार स्वयमेव व्हिसा नाकारण्याचे कारण नाही. अधिकारी पाहतो ते असे की, हा मनुष्य खरोखर भेटीसाठी येत आहे काय, मुदतीत परत जाईल काय, आणि खर्च भागवू शकेल काय. पूर्वीचा प्रवास, पूर्वीचे नकार, मायदेशातील व्यवसाय व कुटुंब यांचा विचार तो एकत्र करतो. अमेरिकेच्या कलम २१४ (ब) चा अर्थही समजून घ्यावा. अमेरिकी कायदा बहुतेक तात्पुरत्या व्हिसाच्या अर्जदारांविषयी असे गृहीत धरतो की हा मनुष्य कायमचा राहण्यासाठीच येत आहे. उलट सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. त्या दिवशी त्या खिडकीपाशी तो भार उतरला नाही, एवढाच त्या नकाराचा अर्थ होय. त्यात अप्रामाणिकपणाचा ठपका नसतो. आज त्या गृहस्थांची आडत पेढी, वखार, आयकर विवरणपत्रे आणि सांगलीत पेढी सांभाळणारा मुलगा पाहून ब्रिटनचा अधिकारी स्वतंत्रपणे निर्णय घेऊ शकतो, आणि घेतोही. समजा त्यानेही नकार दिला, तर नुकसान किती? अर्जाची फी आणि काही आठवडे. उणीव भरून काढून दुसऱ्या दिवशीही नवा अर्ज करता येतो.

आता दुसरी बाजू. ‘नाही’ असे लिहिले आणि अमेरिकेचा नकार उघड झाला, तर विचार भेटीच्या खरेपणाचा राहत नाही, तो फसवणुकीचा होतो. अर्जात फसवणूक झाली असे अधिकाऱ्यास ‘असण्याची शक्यता नसण्याहून अधिक’ या कसोटीवर दाखविता आले, तर त्याने अर्ज नाकारलाच पाहिजे असा नियम आहे. इतकेच नव्हे, तर पुढील दहा वर्षे ब्रिटनच्या व्हिसाचे अर्ज सर्वसाधारणपणे त्याच कारणावरून नाकारले जातात. एकसष्टाव्या वर्षी ही नोंद पडली तर ती एकाहत्तराव्या वर्षी सरते. नातवाचे बारसे, शाळेचा पहिला दिवस, मौंज वा वाढदिवस, सारे त्या दहा वर्षांत येऊन जाते. भेटीच्या व्हिसाच्या नकाराविरुद्ध सर्वसाधारणपणे अपील नाही. उरतो तो न्यायालयीन पुनर्विलोकनाचा मार्ग, आणि तो एका व्हिसाच्या फीच्या कितीतरी पट खर्चाचा आहे. एका बाजूला काही आठवडे आणि दुसऱ्या बाजूला दहा वर्षे, असा हा ताळेबंद आहे. व्यापारी मनुष्याने असा सौदा दुसऱ्या कोणत्याही मालात केला नसता.

“इंग्लंडला काय कळणार” या एजंटच्या प्रश्नाचे उत्तरही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांत स्थलांतरविषयक माहितीची देवाणघेवाण होते आणि तीत बोटांच्या ठशांची जुळणी केली जाते. अमेरिकेच्या मुलाखतीपूर्वी दहाही बोटांचे ठसे घेतले जातात. ब्रिटनच्या अर्जातही ते दिले जातात. नावाचे स्पेलिंग बदलेल, पासपोर्टचा क्रमांक तर दहा वर्षांनी बदलतोच, परंतु ठसे बदलत नाहीत. प्रत्येक अर्जाची अशी पडताळणी होतेच असे नाही, आणि म्हणूनच ‘अमक्याने लपविले, त्याला काही झाले नाही’ अशा गोष्टी गावोगाव ऐकू येतात. ज्याचे उघड झाले तो मात्र सहसा ते चारचौघांत सांगत नाही.

चूक आणि खोटे यांत ब्रिटिश कायदा भेद करतो, हे येथे नोंदविले पाहिजे. तेथील अपील न्यायालयाने २०१० साली ए.ए. (नायजेरिया) या प्रकरणात हा भेद स्पष्ट केला. त्या अर्जदाराने पूर्वी गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिले होते, आणि प्रत्यक्षात वाहनविषयक गुन्ह्यांत त्याला शिक्षा झालेली होती. न्यायालयाने म्हटले की, सक्तीच्या नकारासाठी विधान केवळ वस्तुस्थितीशी विसंगत असून भागत नाही, त्यामागे अप्रामाणिकपणा असला पाहिजे. हे वाचून हायसे वाटून घेण्यापूर्वी त्या निकालातील पुढचा भाग ध्यानात घ्यावा. तो अप्रामाणिकपणा स्वतः अर्जदाराचाच असला पाहिजे असे नाही, असेही न्यायालयाने सांगितले. म्हणजे एजंटने जाणूनबुजून ‘नाही’ लिहिले आणि अर्जदाराने तो अर्ज न वाचता पुढे जाऊ दिला, तर ‘मला इंग्रजी येत नव्हते’ हा बचाव फार काळ टिकत नाही. निष्पाप चुकीचीही किंमत शून्य नाही. चुकीच्या माहितीवरून अर्ज नाकारण्याचा अधिकार अधिकाऱ्यास असतोच. सक्ती आणि दहा वर्षांची नोंद तेवढी टळते. आणि बारा वर्षांपूर्वीची ती मुलाखत खरोखरच विस्मरणात गेली होती, हे पटवून देणे अवघड असते, कारण ती मुलाखत कोणीच विसरत नाही.

सांगलीच्या त्या गृहस्थांचा अर्ज मग कसा भरला जावा? नकाराच्या प्रश्नाला ‘होय’. पुढे तपशिलाची जागा येते. तेथे देश, तारीख आणि कारण एवढेच द्यावयाचे असते. मजकूर असा असला तरी पुरे: ‘ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबई येथील अमेरिकी वकिलातीत बी-१/बी-२ व्हिसासाठी मुलाखत दिली. त्याच दिवशी कलम २१४ (ब) अन्वये अर्ज नाकारण्यात आला. नकाराचा कागद आता उपलब्ध नाही; महिना फी भरल्याच्या बँक नोंदीवरून दिला आहे. त्यानंतर अमेरिकेसाठी अर्ज केलेला नाही.’ अमेरिकी अधिकाऱ्याने आपले कागद पाहिलेच नाहीत, ही तक्रार येथे लिहून काही साधत नाही. ती खरी असली तरी ब्रिटनच्या अधिकाऱ्याला तिचा न्याय करावयाचा नसतो.

तारीख कोठून काढावी, हा प्रश्न नेहमी येतो. फी बँकेतून भरली असेल तर जुन्या पासबुकात नोंद सापडते. बँकांना व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षे जपण्याचे कायदेशीर बंधन आहे. त्याहून जुना उतारा मागितला तर मिळेलच असे नाही. म्हणून घरच्या फडताळातील पासबुके आणि खतावण्या अशा वेळी कामास येतात. मुलाखतीच्या वेळेचा ई-मेल, त्या दिवसाचे मुंबईचे रेल्वे तिकीट, जुन्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावरील शिक्का, यांवरूनही महिना ठरतो. दिवस निश्चित होत नसेल तर अंदाजे दिलेली तारीख अंदाजे आहे, असे लिहावे. अंदाज सांगितल्याने कोणी फसवणूक म्हणत नाही. ठामपणे दिलेली चुकीची तारीख मात्र संशय निर्माण करते.

दुबईचा नकार हा या साऱ्यात सर्वाधिक विसरला जाणारा. त्यासाठी मुलाखत नाही, ठसे नाहीत, कागदही हाती येत नाही. एजंट फोनवर “शेठ, रिजेक्ट झाला, परत टाकतो” एवढेच सांगतो. पासपोर्टची अस्पष्ट प्रत, नावसाधर्म्य, अशी कारणे असतात आणि पुढे व्हिसा मिळतो, म्हणून तो नकार नव्हताच असे मनात बसते. प्रश्न मात्र ‘शेवटी मिळाला काय’ असा नाही. अर्ज नाकारला गेला होता, म्हणून तोही लिहावा आणि त्याच दमात नंतर मंजुरी मिळाली व प्रवास करून मुदतीत परत आलो, हेही लिहावे. अमेरिकेच्या कलम २२१ (ग) चेही असेच. कागद अपुरे आहेत किंवा अधिक चौकशी व्हावयाची आहे म्हणून अर्ज थांबविला, तर लोक त्यास ‘प्रलंबित’ म्हणतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या लेखी तोही नकारच असतो. याउलट निर्णयापूर्वी अर्ज स्वतः मागे घेतला असेल, किंवा विमान कंपनीने मुंबईतच विमानात बसू दिले नसेल, तर तो कोणत्या देशाने दिलेला नकार नव्हे. शंका असेल तेथे घडले ते दोन वाक्यांत सांगून टाकणे उत्तम. अधिक सांगितल्याने दहा वर्षांची नोंद पडल्याचे ऐकिवात नाही.

पत्नीच्या अर्जाकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. अमेरिकेची मुलाखत एकाच खिडकीपाशी झाली, बोलले फक्त पती, कागद घरी एकाच फाइलला लागला, म्हणून ‘यांचा नाकारला होता’ अशी घरात आठवण राहते. परंतु अर्ज दोन होते आणि नकारही दोन. पतीच्या अर्जात ‘होय’ आणि पत्नीच्या अर्जात ‘नाही’ असे उतरले, तर एकाच फाइलमध्ये एकमेकांस खोडून काढणारे दोन जबाब अधिकाऱ्यापुढे जातात. त्या वेळी सोबत असलेल्या शाळकरी मुलाचेही तसेच. तो आज पंचविशीत उच्च शिक्षणासाठी अर्ज करीत असेल, तर बाराव्या-तेराव्या वर्षीचा तो नकार त्याच्याही नावावर आहे आणि बहुधा त्याला त्याची कल्पनाही नसते. घरातील वडीलधाऱ्यांनीच ते सांगावयास हवे.

प्रवासाचा प्रश्न त्यामानाने सौम्य, पण कष्टाचा. अर्जात प्रथम ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, अमेरिका, स्वित्झर्लंड आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातील देश येथे दहा वर्षांत किती वेळा गेलात हे विचारतात. अँटवर्पची हिऱ्यांची फेरी यातच मोडते, कारण बेल्जियम त्या क्षेत्रात आहे. नंतर अन्य देशांविषयी स्वतंत्र विचारणा होते. आपल्या गृहस्थांचे सिंगापूर दहा वर्षांबाहेरचे, ते गळले. हाँगकाँगच्या दोन फेऱ्या, बँकॉक, दुबई आणि नेपाळ राहिले.

येथे पासपोर्टवर विसंबून भागत नाही. हाँगकाँगने २०१३ पासून पासपोर्टवर शिक्के मारणे बंद केले. हाती एक चिठ्ठी देतात आणि ती परतीच्या विमानातच हरवते. अशा वेळी मुंबईच्या विमानतळावरील आपल्याच अधिकाऱ्यांचे जाण्या-येण्याचे शिक्के पाहावेत, त्यांवरून तारखा मिळतात. युरोपातही ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांची जागा संगणकीय नोंद घेऊ लागली आहे, तेव्हा पुढच्या पिढीला पासपोर्ट चाळून काहीच कळणार नाही. नेपाळला भारतीय नागरिकास व्हिसा लागत नाही आणि रस्त्याने गेल्यास शिक्काही बहुधा मिळत नाही, म्हणून ‘तो काय परदेश’ असे म्हटले जाते. अर्जाच्या दृष्टीने तो परदेशच आहे. विमान तिकिटांचे ई-मेल, क्रेडिट कार्डाचे उतारे, परकीय चलन घेतल्याची पावती यांवरून महिना आणि वर्ष जुळवावे. हाँगकाँगची एखादी फेरी राहून गेली म्हणून कोणी फसवणुकीचा आरोप सहसा करीत नाही. धोका तेव्हा, जेव्हा वगळलेल्या प्रवासातच अडचणीची गोष्ट दडलेली असते, जसे मुदतीपेक्षा अधिक राहणे किंवा सीमेवरून परत पाठविले जाणे.

हे सारे ब्रिटनविषयी झाले. प्रत्येक देशाचा प्रश्न वेगळा असतो, म्हणून एका अर्जाची उत्तरे दुसऱ्यात उतरवू नयेत. अमेरिकेचा डीएस-१६० अर्ज अमेरिकेच्याच व्हिसाच्या व प्रवेशाच्या नकाराविषयी विचारतो; तेथे दुबईचा उल्लेख त्या प्रश्नात येत नाही. परंतु महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे सांगितल्याचे ठरले, तर तेथील अपात्रतेला मुदतच नाही. विशेष सूट मागावी लागते. कॅनडा मात्र ब्रिटनप्रमाणे सर्व देशांचे नकार विचारतो. तेथे चुकीच्या माहितीबद्दल पाच वर्षांची बंदी आहे आणि हेतू निर्दोष होता हा बचाव फारच अरुंद आहे. तेथील अधिकारी निर्णयापूर्वी खुलासा मागणारे पत्र पाठवितात. ते एजंटच्या ई-मेलवर येते आणि कित्येकदा अर्जदारापर्यंत पोहोचतच नाही. अर्जात संपर्कासाठी स्वतःचा किंवा मुलांचा ई-मेल देण्याचे हे पुरेसे कारण आहे.

राहता राहिला तो प्रश्न ज्यांनी पूर्वी ‘नाही’ लिहून टाकले आहे त्यांचा. ब्रिटनचा अर्ज फी भरून दाखल झाल्यावर त्यात बदल करता येत नाही. ठसे देण्यापूर्वी चूक लक्षात आली, तर अर्ज मागे घेता येतो व फी परत मिळते. मग नवा अर्ज बिनचूक भरावा. ठसे देऊन झाले असतील, तर निर्णय होण्यापूर्वी व्हिसा खात्याला लेखी कळवावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी. विचारण्याआधी केलेली दुरुस्ती आणि पकडले गेल्यावर दिलेला खुलासा यांचे वजन सारखे नसते. जुन्या एखाद्या अर्जात चुकीचे उत्तर जाऊन व्हिसा मिळालाही असेल, तर पुढच्या अर्जात तेच उत्तर पुन्हा लिहिण्याचा मोह होतो, ‘आता बदलले तर जुने उघडे पडेल’ या भयाने. तसे केल्याने एका चुकीची दोन खोटी होतात. नव्या अर्जात ‘होय’ लिहावे, आणि अधिक माहितीच्या रकान्यात मागील अर्ज कोणत्या वर्षी केला, तो कोणी भरला व त्यात ही नोंद कशी राहून गेली, हे सरळ लिहावे. जुना अर्ज एजंटने भरला असल्यास त्याची पावती किंवा त्याच्याशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडावा. अशी जुनी चूक फसवणुकीच्या कारणाने नकार मिळेपर्यंत गेली असेल, तर मात्र स्वतः खुलासे लिहीत बसू नये. ते नकाराचे पत्र घेऊन ब्रिटनमधील परवानाधारक स्थलांतर सल्लागाराकडे किंवा सॉलिसिटरकडेच जावे, आणि तेही लवकर, कारण न्यायालयीन पुनर्विलोकनाची मुदत निर्णयापासून फार तर तीन महिन्यांची असते.